डाव्या हातावरचे पाच स्वर

डाव्या हाताची बोटं फाकवून तळवा छातीसमोर धरायचा. उजव्या तर्जनीने डाव्या अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की ए. डाव्या तर्जनीच्या टोकाला केला की ई. मधल्या बोटाचं टोक आय, अनामिकेचं ओ, करंगळीचं यू. इंग्रजीचे पाचही स्वर एका हाताच्या पाच टोकांवर बसले. मग व्यंजनं. तळव्यावर दोन बोटं आडवी टेकवली की एन, तीन टेकवली की एम. लिहिताना एनला जितके पाय तितकीच बोटं, एमलाही तसंच. सी मात्र एका हाताने करायचा, अंगठा आणि तर्जनीची चंद्रकोर करून.

बंगळूरला जयनगरमधल्या एका हॉलमध्ये, शनिवारच्या सकाळी, आमच्या पहिल्या तासाची सुरुवात इथून झाली. आम्ही चौदाजण होतो. शिकवणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही, आणि वर्गात आवाज वापरायचा नाही हा पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहिलेला नियम होता. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी बधिर आहे. सहा महिने आम्ही एकमेकींशी मोबाइलवर टाइप करून बोलत होतो. जेवणाच्या वेळी हात रिकामे नसत, तेव्हा आमचं बोलणंही थांबे. म्हणून मी भारतीय सांकेतिक भाषेच्या प्राथमिक प्रमाणपत्राच्या वर्गात नाव घातलं.

अभ्यासक्रमाचे ठळक भाग तीन. बोटांनी अक्षरं करणं, चेहऱ्याचे भाव, आणि जागेचं व्याकरण. शिकवण्याचा क्रमही हाच. शिकता शिकता माझ्या लक्षात येत गेलं की हे तीन भाग एका घराण्यातले नाहीत. पहिला जहाजातून आला, दुसरे दोन इथेच वाढले. आणि जे इथे वाढलं, त्याला भाषा म्हणायला आपण सर्वांत जास्त वेळ लावला.

आधी जहाजातून आलेल्या भागाचा माग काढू. बोटांच्या टोकांवर स्वर ठेवण्याची युक्ती इंग्लंडमध्ये साडेतीनशे वर्षं जुनी आहे. ऑक्सफर्डमध्ये शाळा चालवणाऱ्या जॉर्ज डालगार्नो या स्कॉटिश माणसाने १६८० साली बधिरांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने डाव्या हाताची पेरं आणि टोकं यांवर सगळी अक्षरं वाटून दिली होती, आणि स्वर ठेवले होते पाच टोकांवर. अक्षरं पाठ होईपर्यंत ती छापलेला हातमोजा घालावा, असंही त्याने सुचवलं. पुढे १६९८ साली लंडनमध्ये एका निनावी लेखकाची छोटी पुस्तिका निघाली. दोन्ही हात वापरून अक्षरं करायची पद्धत तिच्यात चित्रांसह छापलेली होती. डालगार्नोची व्यंजनांची वाटणी मागे पडली. पाच टोकांवरचे पाच स्वर मात्र टिकले, कारण ती जागा विसरता येत नाही. जप करताना आपली आजी बोटांच्या पेरांवर मोजायची, तिचाही हिशोब कधी चुकत नसे. हाताला स्वतःची स्मरणशक्ती असते.

त्याच काळात युरोपात दुसरी एक वाट होती. स्पेनमध्ये हुआन पाब्लो बोनेत याने १६२० साली एका हाताची मुळाक्षरं छापली. ती पॅरिसच्या शाळेत गेली, आणि तिथून लोराँ क्लर्क या बधिर शिक्षकाबरोबर अमेरिकेत. १८१७ साली हार्टफर्डला शाळा निघाली तेव्हा ही एकहाती अक्षरं तिथे रुजली. म्हणून आज अमेरिकेतला बधिर माणूस एका हाताने अक्षरं करतो, आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, भारत इथला दोन हातांनी. आपल्याकडे राज्य इंग्रजांचं होतं, शाळा काढणारे त्यांच्यामागून आले, आणि वर्गात शिकवायची लिपी रोमन होती. मुंबईत माझगावला १८८५ साली बधिरांची शाळा निघाली, ती बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. आपल्या देशातल्या अशा शाळांमधली ती पहिली. कलकत्त्यात १८९३ साली दुसरी निघाली.

इथे माझ्यातल्या मराठी माणसाला एक प्रश्न पडला. बोटांनी अक्षरं बोलायची कला आपल्याकडे नव्हती का? होती, आणि तिला नावही होतं. करपल्लवी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत 'अक्षरमुष्टिकाकथन' आहे, म्हणजे मुठीने आणि बोटांनी अक्षरं सांगणं. करपल्लवीची रचना पाहिली की आपल्या वर्णमालेची शिस्त किती कामाची आहे ते कळतं. प्रत्येक वर्गासाठी हाताची एक खूण, आणि त्या खुणेचं नाव त्याच वर्गाच्या अक्षराने सुरू होणारं. क वर्गासाठी कमळ, च वर्गासाठी चक्र, ट वर्गासाठी टणत्कार, त वर्गासाठी तरू. वर्ग सांगून झाला की त्यातलं कितवं अक्षर ते बोटं दाखवून सांगायचं. कमळाची खूण आणि तीन बोटं म्हणजे ग. मात्रांसाठी वेगळी खूण. 'राम' म्हणायचं तर य वर्गाची खूण करून दोन बोटं दाखवायची, मग आकाराची खूण, मग प वर्गाची खूण करून पाच बोटं. अक्षरांची चित्रं पाठ करायची गरजच नाही. वर्णमाला पाठ असली की पुरे.

पण करपल्लवी ऐकू येणाऱ्यांची होती. चारचौघांत गुपित बोलायला ती शिकत. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात, त्याच जातीची ही विद्या. ज्याच्या कानावर वर्णमाला कधी पडली नाही त्याला क वर्गातलं तिसरं अक्षर कोणतं हे आधी शिकवावं लागेल. करपल्लवीच्या मुळाशी उच्चारांचा क्रम आहे, आणि नेमका तोच जन्मतः बधिर मुलाला मिळत नाही. इंग्रजांची पद्धत बऱ्याचशा रोमन अक्षरांचा आकार हातावर काढते. तो डोळ्यांनी घेता येतो. दोन्ही पद्धतींतला हा फरक मला वर्गात बसल्यावरच नीट समजला.

रोमन अक्षरांची किंमत आपल्याला वेगळ्या तऱ्हेने द्यावी लागते. टिळक हे नाव हातावर टी-आय-एल-ए-के होतं. त्यातला ळ गेला. कमल आणि कमळ हातावर एकच. बाण आणि बान यांत फरक उरत नाही. शेजारच्या नेपाळमधल्या सांकेतिक भाषेत देवनागरीची एकहाती मुळाक्षरं आहेत, तिथे हा प्रश्न बराचसा सुटतो. आमच्या बंगळूरच्या वर्गात मात्र चौदा माणसांत पाच मातृभाषा होत्या. कन्नड, तमिळ, मलयाळम, तेलुगू आणि माझी मराठी. यांपैकी कुणाची लिपी हातावर घ्यायची? दुकानांच्या पाट्या, आधार कार्ड, कामावरची ओळखपत्रं, सगळीकडे समाईक असलेली अक्षरं रोमन. त्यामुळे इथे दोन हातांची रोमन अक्षरंच चालतात, आणि ळ माझ्या तोंडापुरता राहतो.

अक्षरं करताना काय चुकतं तेही सांगते. सर्वांत पहिली चूक म्हणजे स्वतःच्या हाताकडे पाहणं. समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. तुमची नजर खाली गेली की त्याला बोलणं तुटल्यासारखं वाटतं. दुसरी चूक, मधेच हात बदलणं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने टोकं डाव्या हाताची ठेवायची आणि शेवटपर्यंत तीच ठेवायची. तिसरी चूक, प्रत्येक अक्षरागणिक हात पुढे झटकणं. दोन अक्षरं सारखी आली तरच हलका दुसरा स्पर्श द्यायचा, एरवी हात जागेवर राहतो. आणि सर्वांत अवघड आहे वाचणं. सुरुवातीला मी अक्षर अक्षर वेचत होते, आणि चौथं अक्षर येईपर्यंत पहिलं निसटे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'शब्दाचा आकार पाहा'. आपली गाडी रोज ज्या स्टेशनावर थांबते त्याची पाटी जशी न वाचता ओळखू येते, तसं तीन आठवड्यांनी बी-ए-एन-जी... इतकं होताच पुढचं दिसू लागलं.

पण बाई दर तासाला एक गोष्ट ठासून सांगत. अक्षरं फक्त नावांसाठी. माणसाचं नाव, गावाचं नाव, औषधाचं नाव. बधिर माणसं बोलताना 'पाणी' हातावर लिहीत नाहीत. पाण्याची खूण असते. ओळखीच्या माणसालाही अक्षरांचं नाव फार दिवस राहत नाही, त्याला खुणेचं नाव मिळतं. माझं नाव मिळालं ते चष्मा वर सरकवण्याच्या सवयीवरून. अक्षरं हा एक पूल आहे. आम्ही ऐकू येणारे पूल ओलांडून आलो म्हणून अभ्यासक्रम तिथून सुरू होतो.

आता त्या दोन भागांकडे, जे कुठल्याही जहाजाने आले नाहीत.

मुंबईची शाळा निघण्याआधी पाच वर्षं, १८८० साली, इटलीत मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिथे ठरलं की बधिर मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवावं, खुणा वर्गातून हद्दपार कराव्यात. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. आपल्याकडच्या शाळा त्याच वाऱ्यात वाढल्या. पुढची कितीतरी दशकं वर्गात खुणा करणं म्हणजे अभ्यास चुकवणं असंच मानलं गेलं.

मग ही भाषा वाढली कुठे? वसतिगृहात, जेवणाच्या पंगतीत, शाळा सुटल्यावरच्या मैदानात. बहुतेक बधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे ही भाषा आईकडून येत नाही. ती मोठ्या मुलाकडून लहान मुलाकडे जाते. शाळा सुटली की बधिर संघांच्या संध्याकाळी, स्टेशनांवरच्या ठरलेल्या भेटीगाठीत, आंतरशालेय क्रिकेटच्या सामन्यांत ती चालू राहते. तिला ना पुस्तक होतं, ना गुरुजी. तरीही तिच्यात व्याकरण घडत गेलं, कारण रोज बोलणाऱ्या माणसांना 'कुणी कुणाला काय दिलं' हे चुकवून चालत नाही.

ही भाषा आहे हे लिहून ठेवायला एक बधिर माणूसच यावा लागला. मदन वशिष्ठ हिमाचलमधल्या एका खेड्यात वाढले. अकराव्या वर्षी त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. दिल्लीत फोटोग्राफी शिकले, आणि १९६७ साली अमेरिकेत बधिरांसाठीच्या गॅलोडेट महाविद्यालयात गेले. तिथे विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने १९६० साली दाखवून दिलं होतं की अमेरिकेतल्या बधिरांच्या खुणा म्हणजे रीतसर भाषा आहे. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल यांच्या जोडणीतून तिथे शब्द तयार होतात, आपल्याकडे क आणि आ मिळून का होतो तसे. वशिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड या भाषाशास्त्रज्ञाने १९७७ च्या सुमारास हीच दृष्टी घेऊन भारतात काम सुरू केलं. त्यांनी बधिरांच्या शाळांना विचारलं, तुमच्याकडे सांकेतिक भाषा आहे का. बहुतेकांचं उत्तर होतं, अशी काही भाषा नाही. ते मैदानात जाऊन पाहू लागले तर मुलं भराभर बोलत होती.

या कामातून शहराशहराचे शब्दसंग्रह निघाले. दिल्लीचा १९८० साली, बंगळूरचा १९८५ साली, मग मुंबई आणि कलकत्ता. म्हणजे ज्या शहरात मी शनिवारी सकाळी डाव्या हातावर स्वर ठेवते, तिथल्या बधिरांच्या खुणा १९८५ पासून पुस्तकात आहेत. खुणांच्या यादीत शहरागणिक फरक दिसला. वुडवर्ड यांनी पुढे १९९३ साली शब्दांची तुलना करून या जवळच्या नात्यातल्या पण वेगवेगळ्या भाषा आहेत असं मांडलं. जर्मनीच्या उल्रिके झेशान यांनी कराची आणि नवी दिल्ली इथे राहून बधिरांच्या बोलण्याचं बारकाईने टिपण केलं. २००० साली त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यांना दिसलं की शब्द बदलतात पण व्याकरण एकच आहे. फाळणीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, एकही समाईक शाळा नसताना, प्रश्न विचारायची रीत तीच, वाक्याचा क्रम तोच. हे व्याकरण चेहऱ्यात आणि जागेत राहतं. आमच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात.

चेहऱ्याचा भाग सुरू झाला त्या दिवशी बाईंनी एकच वाक्य दिलं. तुम्ही, कॉफी, पिणं. हातांच्या तीन खुणा. हे वाक्य तीन वेळा करायचं, हातात काहीही न बदलता. साध्या चेहऱ्याने केलं की 'तुम्ही कॉफी पिता'. डोळे मोठे करून डोकं किंचित पुढे झुकवलं की 'तुम्ही कॉफी पिता का?' आणि डोकं डावीकडून उजवीकडे हलवत केलं, शेवटी हाताची नकाराची खूण जोडली, की 'तुम्ही कॉफी पीत नाही'. मराठीत जे काम 'का' आणि 'नाही' करतात ते इथे भुवया आणि मान करतात. हसरा चेहरा म्हणजे आनंद आणि पडलेला चेहरा म्हणजे दुःख, एवढंच त्यात नसतं. ते भावही असतात, पण भुवया वर जाणं हा प्रत्यय आहे. तो विसरला तर वाक्य अपुरं राहतं.

इथे आमच्या वर्गाची एक खास बंगळुरी चूक झाली. या शहरात 'हो' म्हणताना माणसं मान दोन्ही खांद्यांकडे डुलवतात. भाजीवाला, रिक्षावाला, बँकेतला माणूस, सगळे. माझ्याशेजारी बसलेल्या मुलाला कॉफी हवी होती. त्याने खुणा बरोबर केल्या आणि सवयीने मान डुलवली. बाईंनी ते 'नको' असं घेतलं आणि पुढे गेल्या. त्याला काय झालं ते कळेना. मग बाईंनी वर्गातल्या दोघांना समोर उभं करून दाखवलं. नकारात नाक डावीकडून उजवीकडे फिरतं. डुलण्यात नाक जागेवर राहतं आणि कान खांद्याकडे झुकतो. ऐकू येणारे हा फरक कानांनी सोडवतात, कारण सोबत 'हौदु' ऐकू येतं. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही फार जवळचे वाटतात. तेव्हापासून आम्ही 'हो'साठी मान खालीवर हलवायला शिकलो.

'काय', 'कुठे', 'कोण' अशा प्रश्नांची रीत मला आपल्या घरची वाटली. या भाषेत प्रश्नाची एकच मूळ खूण आहे, 'काय'. कोण म्हणायला चेहऱ्याची खूण आणि काय. कुठे म्हणायला जागेची खूण आणि काय. कधी म्हणायला वेळेची खूण आणि काय. आणि ही खूण येते वाक्याच्या शेवटी, हनुवटी जरा वर उचलून, भुवया चढवून. तू, नाव, काय. आपण 'नाव काय?', 'गाव कुठलं?' असंच विचारतो, 'आहे' हा शब्द सहज गाळतो. ज्यांनी रोजचा विचार इंग्रजीत करायची सवय लावून घेतली आहे ते 'काय' आधी आणत होते, आणि बाई त्यांचा हात हळूच धरून खाली घेत, म्हणजे अजून वेळ आहे. मराठीत विचार करणाऱ्याला इथे फारसं बदलावं लागत नाही. कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी, प्रश्न सर्वांत शेवटी.

नात्यांचे शब्दही असेच जोडलेले आहेत. मिशांवरून बोट फिरवलं की पुरुष, नाकाच्या बाजूला चमकीच्या जागी बोट टेकवलं की स्त्री. पुरुष आणि भावंड मिळून भाऊ, स्त्री आणि भावंड मिळून बहीण. ज्या समाजात ही भाषा वाढली त्याची वेशभूषा तिच्या शब्दांत अशी उरली आहे.

तिसरा भाग, जागा. हा शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि ही भाषा नेमकी कशी चालते ते इथेच समजलं. एक गोष्ट पूर्ण मांडते. 'आईने मुलाला पुस्तक दिलं. मुलाने ते मित्राला दिलं. मित्राने ते आईला परत केलं.' मराठीत हे सांगताना 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय सगळा भार वाहतात. हातांना ने-ला लावता येत नाही.

म्हणून आधी माणसं बसवायची. आईची खूण करायची आणि उजवीकडे हवेत एका ठिकाणी बोट दाखवायचं. आई आता तिथे आहे. मुलाची खूण करायची आणि डावीकडे बोट दाखवायचं. मित्राची खूण करायची आणि समोर, जरा दूर. तीन माणसांना तीन जागा मिळाल्या. पुस्तकाची खूण करून 'देणं' ही खूण उजवीकडून सुरू करून डावीकडे संपवायची. आईने मुलाला दिलं. हात निघाला तो कर्ता, हात पोचला तो ज्याला मिळालं. मग तोच हात डावीकडून समोर. मुलाने मित्राला. मग समोरून उजवीकडे. मित्राने आईला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात आई, मुलगा, मित्र यांची खूण पुन्हा करायची गरज नाही. सर्वनामं, विभक्ती आणि क्रियापदाचं रूप, हे सगळं एका हालचालीत आलं. 'मदत करणं', 'सांगणं', 'शिकवणं' ही क्रियापदंही अशीच दिशा घेतात. 'मी तुला मदत करतो' आणि 'तू मला मदत करतोस' यांत हाताचा आकार तोच, फक्त वाट उलटी.

काय बिघडतं ते लगेच कळतं. मी गोष्ट सांगताना पहिलं वाक्य नीट केलं. दुसरं करताना घाईत मुलासाठी समोर बोट दाखवलं, जिथे मित्र बसवला होता. बाईंचे डोळे डावीकडे गेले, मग समोर, मग माझ्या चेहऱ्यावर थांबले. भुवया चढल्या, हनुवटी उचलली. चेहरा, काय. कोण? पुस्तक कुणी दिलं तेच हरवलं होतं. आवाजी भाषेत असा घोटाळा झाला तर ऐकणारा दुसऱ्या वाक्यावरून अंदाज बांधतो. इथे जागा हाच शब्द आहे, जागा चुकली की माणूसच बदलतो. बाईंनी सांगितलेला उपाय साधा आहे. बोट दाखवताना नजरही तिकडेच न्यायची. नजर आणि बोट एकत्र गेले की जागा लक्षात राहते, तुमच्याही आणि समोरच्याच्याही. चौथं माणूस आलं तर जुन्यांपैकी कुणाला तरी सोडून द्यायचं, एका वेळी चारपाच जागा सांभाळणं नवशिक्याला जमत नाही.

या शिकण्याला प्रमाणपत्र मिळण्याची सोय फार जुनी नाही. मुंबईला वांद्र्यात बधिरांसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ साली सुरू झाली. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ऐकू येणाऱ्यांना भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याचे अ, ब, क अशा पायऱ्यांचे वर्ग निघाले, आणि बधिर माणसांना शिक्षक म्हणून तयार करण्याचं कामही सुरू झालं. झेशान आणि वशिष्ठ दोघेही या कामात होते. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली उभं राहिलं. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, २०२१ साली दहा हजार. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा संवादाची साधनं सांगताना सांकेतिक भाषेचं नाव घेतो. आमच्या हातात येणारा कागद या साऱ्याच्या शेवटच्या टोकाला आहे. तो एवढंच सांगतो की या माणसाला आपली ओळख, घर, काम, वेळ, पैसे यांबद्दल साधं बोलणं करता येतं. दुभाषी व्हायचं तर वेगळी दोन वर्षांची पदविका लागते. आमच्या वर्गातल्या एकीने दवाखान्यात एका बधिर पेशंटसाठी 'सांगून बघू का' असं विचारलं होतं. बाईंनी तिला स्पष्ट नाही म्हटलं. औषधाचा डोस चुकला तर त्याचं काय?

दुभाषाचं काम काय असतं ते याच शहराने पाहिलं आहे. बंगळूरच्या बधिर वकील सारा सनी सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दुभाषाच्या मदतीने उभ्या राहिल्या. पुढे ८ एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांच्यापुढे, त्यांनी सांकेतिक भाषेत आपल्या अशिलाची बाजू मांडली. कोर्टात 'त्याने तिला' आणि 'तिने त्याला' यांतल्या फरकावर सगळा खटला उभा असतो. जो फरक आपण प्रत्ययाने करतो, तो तिथे हात कुठून निघाला आणि कुठे पोचला यावर ठरतो. वसतिगृहातल्या पोरांनी एकमेकांना पेन्सिल देताघेता घडवलेलं व्याकरण कोर्टात पुरलं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी मला तीच गोष्ट सांगायला लावली. आई, मुलगा, मित्र, पुस्तक. मी आईला उजवीकडे बसवलं, नजर तिकडे नेली, क्षणभर थांबले. मुलगा डावीकडे. मित्र समोर. पुस्तक उजवीकडून डावीकडे गेलं, डावीकडून समोर, आणि समोरून परत उजवीकडे. शेवटी बाईंनी माझ्या उजव्या बाजूच्या हवेकडे बोट दाखवलं, डोळे मोठे केले, डोकं जरा पुढे झुकवलं. पुस्तक आईकडेच आहे ना? मी मान डुलवली नाही. वरून खाली, एकदा, नीट हलवली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची मुलगी डबा उघडत होती. मी टेबलावर हलकं थोपटून तिचं लक्ष वेधलं. तिने वर पाहिल्यावर मी भुवया उचलल्या आणि मग हात.